चार बांध्या, तीन मोकळ्या

सरासरी काढताना चार आकड्यांच्या बेरजेला चारने भागायचं, आणि त्याच चार आकड्यांचं प्रचरण काढताना मात्र तीनने, हे का, असं तू विचारलंस. ‘एक डिग्री ऑफ फ्रीडम कमी होते म्हणून’ एवढं सांगून भागत नाही, कारण ते तुझ्याच कोड्याला दिलेलं नाव झालं. कोडं सुटायला दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात. पहिली, आकड्यांवर बंधन नेमकं कुठून येतं. दुसरी, ते बंधन आलं म्हणून भाजक का बदलायचा. पहिली सोपी आहे आणि बहुतेक पुस्तकं तिथेच थांबतात. खरी अडचण दुसऱ्या गोष्टीत असते, म्हणून तिच्यासाठी मी जास्त जागा घेणार आहे.

उदाहरण आपल्या सावली तालुक्याचंच घेऊ. तालुका धानाचा आहे, आणि खरीप संपत आला की तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्याकडे पीक कापणी प्रयोगाचं काम येतं. पद्धत तू पाहिली असशील. गावातल्या धानाच्या शेतांमधून यादृच्छिक आकड्यांनी शेत निवडतात. शेताचा नैर्ऋत्य कोपरा धरून, पुन्हा यादृच्छिक आकड्यांनीच, आत किती पावलं जायचं ते ठरवतात, म्हणजे चांगलं दिसणारं पीक हेरून तिथे दोरी लावता येत नाही. मग साधारण १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा तुकडा दोरीने आखायचा, तेवढंच धान कापायचं, झोडपायचं आणि वजन करायचं. हा तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथे १ किलो धान निघालं तर हेक्टरी २०० किलो, म्हणजे २ क्विंटल. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ग्रामपंचायत हा विमा घटक असेल तर मुख्य पिकासाठी किमान ४ प्रयोग सांगितले आहेत. आपलाही आकडा चारच आहे, म्हणून तोच धरू.

समज, चार बांध्यांमध्ये १०, १३, ११ आणि १४ किलो धान भरलं. आकडे मी सोपे पडावेत म्हणून घेतले आहेत. बेरीज ४८, सरासरी १२, म्हणजे हेक्टरी २४ क्विंटल. आता प्रत्येक बांधी सरासरीपासून किती दूर आहे ते लिही: उणे २, अधिक १, उणे १, अधिक २. या चौघांची बेरीज शून्य येते. ती नेहमीच शून्य येईल, कारण सरासरी म्हणजे ज्या जागेपासून वरच्या आणि खालच्या अंतरांची बेरीज सारखी होते तीच जागा. आकडे कोणतेही घे, वजनं चुकीची घे, तरी शून्यच.

याचा परिणाम बघ. पहिली तीन अंतरं तू मला सांगितलीस आणि चौथं झाकून ठेवलंस, तरी मी ते सांगू शकेन. उणे २, अधिक १ आणि उणे १ मिळून उणे २ झाले. बेरीज शून्य व्हायची तर चौथं अधिक २ असलंच पाहिजे. कुठलीही तीन अंतरं हवी तशी असू शकतात, चौथ्याला मात्र स्वतःचं मत उरत नाही. अंतरं चार आहेत, त्यांच्यावर बंधन एक आहे, म्हणून मोकळी तीन. डिग्रीज ऑफ फ्रीडम, ज्याला आपण परीक्षेच्या घाईत डीएफ लिहितो, ती ही संख्या. एकूण आकडे उणे त्यांच्यावरची स्वतंत्र बंधनं.

इथे एक बारकावा लक्षात ठेव, कारण गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. चौथ्या बांधीतलं धान कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. ते १४ किलो निघालं तसं ९ किलोही निघालं असतं. बंधन धानावर नाही. ते आपण काढलेल्या अंतरांवर आहे, कारण अंतर मोजायची खूण, म्हणजे १२ ही सरासरी, आपण त्याच चार वजनांतून बनवली. चारही बांध्यांनी मिळून सरासरी ठरवली, आणि मग तिच्यापासूनच आपण त्या बांध्यांची अंतरं मोजायला बसलो. बंधन तिथे जन्माला येतं.

आता दुसरी गोष्ट. चौथं अंतर आधीच ठरलेलं असलं तरी त्याचा वर्ग आपण बेरजेत धरतोच की. ४, १, १ आणि ४ मिळून १० होतात, आणि त्या बेरजेत चारही वर्ग आहेत. चार वर्ग मिळवले तर चारने भागावं, हा तुझा आग्रह रास्त आहे. तीनने भागायचं कारण ‘चौथा मोकळा नाही’ एवढ्यातून आपोआप निघत नाही. त्यासाठी ही १० ची बेरीज मुळात कमी का पडते हे पाहावं लागेल.

आपल्याला जाणून घ्यायचं आहे ते गावातल्या सगळ्या धानाच्या शेतांबद्दल, निवडलेल्या चारांबद्दल नव्हे. गावाची खरी सरासरी आपल्याला माहीत नाही. क्षणभर समज ती १३ किलो होती, आणि आपल्या हाती लागलेल्या चार बांध्या योगायोगाने जरा हलक्या निघाल्या. मग खरी अंतरं १३ पासून मोजायला हवी होती: उणे ३, शून्य, उणे २, अधिक १. त्यांचे वर्ग ९, ०, ४ आणि १, बेरीज १४. आपण १२ पासून मोजलं आणि बेरीज १० आली. म्हणजे ४ ने कमी.

खरी सरासरी ११ होती असं धरून पाहा. अंतरं उणे १, अधिक २, शून्य, अधिक ३, वर्गांची बेरीज पुन्हा १४. खरी सरासरी १४ असती तर ती २६ झाली असती. कुठलाही आकडा धर, बेरीज १० च्या खाली जाणार नाही. ती सर्वांत लहान होते ती बरोबर १२ वर, कारण नमुन्याची सरासरी ही नमुन्याला सर्वांत जवळची जागा असते. तिच्याइतकी त्या चार आकड्यांच्या सोयीची दुसरी जागा नाही. पण आपल्याला हवी होती गावाच्या खऱ्या सरासरीपासूनची पांगापांग, आणि मोजली मात्र नमुन्याच्या स्वतःच्या मधोमध असलेल्या जागेपासून. म्हणून ती कमीच भरणार. क्वचित नमुन्याची सरासरी आणि गावाची सरासरी तंतोतंत जुळली तर बेरीज सारखी येईल, जास्त मात्र कधीच येणार नाही.

किती कमी भरते, हेही ठरलेलं आहे. वरच्या उदाहरणात नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून १ किलो चुकली होती. त्या १ चा वर्ग घेऊन बांध्यांच्या संख्येने, म्हणजे ४ ने गुणलं की ४ येतात, आणि १४ व १० मधला फरकही तेवढाच. १४ धरली तेव्हा चूक २ किलोंची होती, तिचा वर्ग ४, गुणिले ४ म्हणजे १६, आणि २६ उणे १६ म्हणजे १०. हा हिशेब नेहमी जुळतो, दोन ओळींच्या बीजगणितात सिद्ध होतो.

एका नमुन्यात ही तूट किती असेल ते सांगता येत नाही, पण असे नमुने पुन्हा पुन्हा घेत गेलो तर सरासरी तूट किती, ते सांगता येतं. चार स्वतंत्र बांध्यांच्या सरासरीचं प्रचरण हे एका बांधीच्या प्रचरणाच्या चौथ्या हिश्शाइतकं असतं, हे आपण मागच्या सत्रात शिकलो. तो चौथा हिस्सा चाराने गुणला की पूर्ण एक प्रचरण होतं. म्हणजे खऱ्या सरासरीपासून मोजलं असतं तर चार वर्गांची बेरीज, दीर्घ सरासरीत, ४ प्रचरणांइतकी झाली असती, आपल्या मोजण्यात त्यातलं बरोबर १ कमी होतं, उरतात ३. म्हणून १० ला ३ ने भागायचं. आकडे पाच असोत की पन्नास, तूट एकाच प्रचरणाची असते, म्हणून भाजक नेहमी एकाने कमी. सरासरी शोधण्यासाठी एका बांधीइतकी माहिती आपण खर्च केली आणि पांगापांग मोजायला तीन बांध्यांइतकी उरली. मोकळ्या अंतरांची संख्या आणि हा उरलेला ३ एकच निघतो, तेव्हा डीएफ ही नुसती मोजदाद राहत नाही.

बीजगणितावर विश्वास बसत नसेल तर कागदावर सगळ्या शक्यता मांडून पाहा. असं गाव घे जिथे निम्म्या बांध्या १० किलोच्या आणि निम्म्या १४ किलोच्या आहेत. खरी सरासरी १२, प्रत्येक बांधी तिच्यापासून २ ने दूर, म्हणून खरं प्रचरण ४. आता दोनच बांध्यांचा नमुना काढ. चार जोड्या सारख्याच शक्य आहेत: १०–१०, १०–१४, १४–१० आणि १४–१४. पहिल्या आणि शेवटच्या जोडीत वर्गांची बेरीज शून्य. मधल्या दोन्हींत सरासरी १२, अंतरं उणे २ आणि अधिक २, वर्गांची बेरीज ८. चार जोड्यांची सरासरी काढ: शून्य, ८, ८, शून्य, म्हणजे ४. नमुना दोनाचा, म्हणून भाजक एक. ४ भागिले १ बरोबर ४, आणि खरं प्रचरणही ४. दोनाने भागलं असतं तर २ आलं असतं, बरोबर निम्मं. १०–१० या जोडीकडे नीट बघ. त्या नमुन्याला वाटतं की गावात काहीच पांगापांग नाही. नमुना लहान असला की तो स्वतःभोवतीच गोळा होतो, आणि त्याची भरपाई भाजक एकाने कमी करून होते.

यातून एक उलटा प्रश्न निघतो आणि तो विचारण्यासारखा आहे. गावाची खरी सरासरी आधीच माहीत असती, समज सगळ्या शेतांची मोजणी झालेली असती, तर? मग अंतरं त्या बाहेरून मिळालेल्या आकड्यापासून मोजली असती, त्यांच्या बेरजेवर बंधन नसतं, आणि भाजक चारच राहिला असता. एक वजा करायचं ते आपण सरासरी त्याच आकड्यांतून काढली म्हणून. एक्सेलमध्ये म्हणूनच दोन वेगळी फंक्शनं आहेत: `STDEV.S` नमुन्यासाठी, एकाने कमी भागणारं, आणि `STDEV.P` पूर्ण समूहासाठी, पूर्ण संख्येने भागणारं. आपल्या चार बांध्यांवर पहिलं १.८३ देईल, दुसरं १.५८.

या चाराच्या नमुन्याला इतिहास आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला बार्लीच्या आणि बिअरच्या चाचण्यांमध्ये मोजकेच आकडे मिळायचे, आणि त्या काळची संख्याशास्त्राची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी होती. त्याने ३,००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे नीट मिसळले आणि चाराचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी आणि पांगापांग काढून त्याने पाहिलं की चाराच्या नमुन्यातून किती वेळा आपण किती फसतो. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ते छापून आलं, आणि आपण परीक्षेला घोकतो ती टी सारणी तिथून निघाली. गॉसेट तेव्हा पूर्ण संख्येनेच भागत होता. एकाने कमी भागायची आणि सारणी डीएफने वाचायची रीत रोनाल्ड फिशरने रुजवली.

सारणीचा आपल्या बांध्यांना काय उपयोग, ते पाहू. प्रचरण १० भागिले ३, म्हणजे ३.३३; प्रमाण विचलन १.८३, चार बांध्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी त्याच्या निम्मी, ०.९१. आता ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढायला प्रमाण त्रुटीला कशाने गुणायचं? मोठ्या नमुन्याला १.९६. पण पांगापांगच आपण तीन मोकळ्या अंतरांवरून अंदाजली आहे, तो अंदाज स्वतःच डळमळीत आहे, म्हणून सारणीत ३ डीएफच्या ओळीत ३.१८ लिहिलं आहे. गुणाकार २.९. म्हणजे गावाचं उत्पन्न तुकड्यामागे ९.१ ते १४.९ किलोंच्या दरम्यान, हेक्टरी साधारण १८ ते ३० क्विंटल. चाराने भागून १.९६ ने गुणलं असतं तर १०.५ ते १३.५ आलं असतं, हेक्टरी २१ ते २७. दुसरी मर्यादा नेटकी दिसते, पण ती खोटी खात्री आहे. ज्या आकड्यावर शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळणार की नाही हे ठरतं, त्या आकड्याबद्दल अशी खोटी खात्री बाळगणं मला गंभीर वाटतं.

पीक कापणीच्या याच कामाशी एका मराठी माणसाचं नाव कायमचं जोडलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. लंडनमध्ये संख्याशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत गहू आणि धानाच्या यादृच्छिक पीक कापणीची घडी बसवली. फार लहान तुकडे कापले तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी दाखवलं: दोरीच्या काठावरची झाडं आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितका काठाचा वाटा मोठा. विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं शेतीसंशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं, आणि कृषी महाविद्यालयांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. डीएफने मोजमापाची चूक सुधारत नाही, हे सुखात्म्यांच्या त्या निष्कर्षावरून शिकायचं. तुकडाच चुकीचा आखला असेल तर तीनने भागून काही उपयोग नाही.

‘नमुना मोठा झाला की एकाने काय फरक पडतो’ असं तू म्हणशील. प्रचरणापुरतं ते खरं आहे. शंभर आणि नव्व्याण्णव यांत फार फरक नाही. पण काई वर्गाच्या चाचणीत तसं नसतं, आणि डीएफ हे नाव गाजलं ते तिथल्या वादामुळे.

समज, आपण शंभर बांध्या पाहिल्या. साठांत पाणी साचून राहतं, चाळीसांत राहत नाही. एकूण तीस बांध्यांत तुडतुडे आढळले, सत्तरांत नाही. पाणी साचणाऱ्या साठांपैकी २४ मध्ये तुडतुडे, ३६ मध्ये नाहीत. उरलेल्या चाळिसांपैकी ६ मध्ये आहेत, ३४ मध्ये नाहीत. पाण्याचा आणि तुडतुड्यांचा संबंध नसता तर साठांच्या तीस टक्के, म्हणजे १८ बांध्यांत ते सापडले असते. या हिशेबाने अपेक्षित आकडे १८, ४२, १२ आणि २८. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक चारही घरांत ६ चा. त्याचा वर्ग ३६. तो अपेक्षित आकड्यांनी क्रमाने भागला की २, ०.८६, ३ आणि १.२९; बेरीज ७.१४. हा आपला काई वर्ग.

आता घरं चार आहेत. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये ही चाचणी मांडली तेव्हा त्याने धरलेलं बंधन एकच होतं: चारही घरांची बेरीज शंभर. म्हणून मोकळी घरं ३. सारणीत ३ डीएफला पाच टक्क्यांची मर्यादा ७.८१ आहे. आपला ७.१४ त्याच्या खाली राहतो, म्हणून निष्कर्ष: संबंध सिद्ध होत नाही.

फिशरने १९२२ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं की बंधनं मोजताना चूक झाली आहे. अपेक्षित १८ आपण कुठून आणले? साठ, चाळीस, तीस आणि सत्तर या कडेच्या बेरजांतून. त्या बेरजा आपल्याच आकड्यांतल्या आहेत. म्हणजे त्यांचंही बंधन आलं. कडेच्या बेरजा लिहून ठेव आणि फक्त पहिल्या घरात एक आकडा भर, समज २४. पहिली ओळ साठांची, म्हणून शेजारचं घर ३६. पहिला स्तंभ तीसांचा, म्हणून खालचं घर ६. उरलेलं आपोआप ३४. चार घरांत मोकळं घर एकच. चारही फरक ६ आले, कमी-जास्त आले नाहीत, हा योगायोग नव्हता. या मांडणीत फरक एकच असू शकतो. १ डीएफला मर्यादा ३.८४. आपला ७.१४ तिच्या कितीतरी वर आहे. निष्कर्ष उलटला: पाणी साचणं आणि तुडतुडे यांचा संबंध नजरेआड करता येत नाही. नमुना शंभराचा आहे, लहान नाही, आणि तरी बंधनं चुकीची मोजल्याने उत्तर फिरलं.

पिअर्सनला हे पटलं नाही आणि वाद कडवट झाला. चार वर्षांनी फिशरने तो आकड्यांनीच पुढे नेला. पिअर्सनच्याच मुलाने, एगॉनने, दुसऱ्या कामासाठी अशी बारा हजारांच्या आसपास चौघरी कोष्टकं तयार केलेली होती. ज्या कोष्टकांत खरा संबंध नसतो, तिथे काई वर्गाची दीर्घ सरासरी डीएफइतकी यायला हवी. पिअर्सन बरोबर असेल तर ३, फिशर बरोबर असेल तर १. फिशरने मोजलं, आणि ती १ च्या अगदी जवळ आली.

हेच सूत्र रेषा बसवताना लागतं. पाऊस आणि उत्पन्न यांच्या आलेखावर सरळ रेषा काढली की आकड्यांतून दोन गोष्टी ठरवल्या जातात, रेषेची उंची आणि तिचा उतार. म्हणून दोन वजा. फक्त दोन वर्षांचे आकडे घेतलेस तर रेषा दोन्ही बिंदूंतून बरोबर जाईल, चूक शून्य दिसेल, आणि डीएफही शून्य. तिथे चूक नसण्याचा अर्थ ‘रेषा खरी आहे’ असा होत नाही. चूक दिसायला जागाच शिल्लक नाही.

शेवटची गोष्ट बाकी आहे, आणि प्रकल्पात बहुतेकांचं इथेच चुकतं. एकूण आकड्यांतून बंधनं वजा करायची, हे सगळं तेव्हाच लागू पडतं जेव्हा मुळातले आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. आपल्या चार बांध्या एकाच गावाच्या नाहीत, दोन गावांच्या आहेत, असं समज: १० आणि ११ किलोंच्या एका गावात, १३ आणि १४ किलोंच्या दुसऱ्या गावात. आणि प्रश्न एका गावाचा नसून पूर्ण महसूल मंडळाचा आहे. पहिल्या गावात तलावाचं पाणी वेळेवर आलं नाही, रोवणी लांबली; दुसऱ्यात पाणी मिळालं. मग १० आणि ११ जवळजवळ का आहेत? कारण दोन्ही बांध्या एकच गोष्ट सांगताहेत. ओळखायचं कसं, तर असं: एकाच गावातल्या बांध्यांमधला फरक १ चा, आणि गावागावांतला फरक ३ चा. एका गावातल्या बांध्या सारख्या आणि दुसऱ्या गावातल्या वेगळ्या असतील, तर मोजायची ती गावं, बांध्या नव्हे.

मग हिशेब नव्याने मांड. गावांच्या सरासऱ्या १०.५ आणि १३.५. एकूण सरासरी १२, तीच. अंतरं उणे १.५ आणि अधिक १.५, वर्गांची बेरीज ४.५. गावं दोन, बंधन एक, डीएफ १. प्रचरण ४.५, प्रमाण विचलन २.१२, दोन गावांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १.५. सारणीत १ डीएफच्या ओळीत १२.७ आहे. गुणाकार १९. म्हणजे मंडळाचं उत्पन्न तुकड्यामागे उणे ७ ते अधिक ३१ किलो. उणे धान कुणी पिकवत नाही, तेव्हा या चार आकड्यांनी मंडळाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. तीच चार वजनं, तीच सरासरी, आणि आधी मर्यादा २.९ ची होती.

त्याच दोन गावांत आणखी बांध्या कापून हे सुधारणार नाही. प्रत्येक गावात वीस वीस कापल्या तरी डीएफ १ च राहील. आठ गावांत एकेक बांधी कापली तर डीएफ ७ होईल आणि सारणीतला आकडा १२.७ वरून २.३६ वर उतरेल. तुझ्या प्रकल्पाच्या वहीत बत्तीस ओळी आहेत असं तू लिहिलंस. त्या किती गावांतल्या आहेत ते आधी मोज, आणि टी सारणीची ओळ त्या संख्येवरून निवड.